ऑगस्टचं विधान, जुलैचं कारण

औरंगपुऱ्यातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, खाली चपलांचं दुकान आणि वर वकिलाचं ऑफिस अशा मधल्या जागेत, मी गेली बरीच वर्षं स्पर्धा परीक्षेचा इतिहास शिकवतो. शिकवतो म्हणण्यापेक्षा प्रश्न सोडवायला शिकवतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला सुरुवातीपासून ठाऊक होतं. पण पोटापाण्याच्या व्यवहारात तो फरक रोज थोडा थोडा पुसला जातो, आणि एक दिवस तो होता हेही लक्षात राहत नाही.

माझी ओळख 'काट मारणारे सर' अशी आहे. पर्याय काटायचे, ही माझी पद्धत. चार पर्यायांतला बरोबर कुठला ते शोधू नका, चुकीचे तीन आधी घालवा, हे माझं पहिल्या तासाचं वाक्य. मुलं फुलंब्री, वैजापूर, कन्नडहून येतात. कुणी शेतातलं आवरून, कुणी रात्रपाळी करून. सगळा इतिहास पाठ होणं त्यांना शक्य नसतं. चुकीच्या उत्तराला पाव हिश्श्याने गुण कापले जातात, म्हणून अंदाजे ठोकूनही चालत नाही. अशा मुलांच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. मी त्यांच्या हातात सनावळी दिली.

उदाहरण देतो, म्हणजे पुढचं कळेल. चार घटना कालक्रमाने लावा असा प्रश्न येतो. चौरीचौरा, महाडचा सत्याग्रह, पुणे करार, येवल्याची घोषणा. चारही सन आठवायची गरज नसते. येवल्याची घोषणा पुणे करारानंतरची, एवढं एक पक्कं असलं की ज्या पर्यायांत येवला आधी आहे ते गेले. चौरीचौरा सगळ्यांत जुनी, हे दुसरं पक्कं. बहुतेक वेळा एकच पर्याय उरतो.

कधी सन नाही, संदर्भ उपयोगी पडतो. 'पंधरा ऑगस्ट १९४७ रोजी मराठवाड्यात निजामाची सत्ता संपली' असं विधान दिलं की मी मुलांना विचारायचो, "तुमच्या गावात सतरा सप्टेंबरला झेंडा कशाचा लावतात?" मुलं हसायची आणि ते विधान जायचं. 'फक्त', 'सर्वच', 'कधीही नाही' असे शब्द दिसले की सावध व्हा, हेही सांगायचो. इतिहासात 'सर्वच' असं फार थोड्या वेळा घडतं.

आणि विधान-कारणाच्या प्रश्नांसाठी माझा खास नियम होता. एक विधान असतं, एक कारण असतं. दोन्ही बरोबर आहेत का, आणि दिलेलं कारण हे त्या विधानाचं खरं स्पष्टीकरण आहे का, असं विचारतात. पहिला पर्याय म्हणजे दोन्ही बरोबर आणि कारणही तेच. दुसरा म्हणजे दोन्ही बरोबर, पण कारण ते नाही. मुलं या दोन पर्यायांमध्येच अडकतात. मी सांगायचो, दोन्हींचे सन लिहा. कारणाचा सन विधानाच्या नंतरचा असेल तर पहिला पर्याय काटा, पुढे वाचूसुद्धा नका. १९२२ साली असहकार चळवळ मागे घेतली, हे विधान. मिठाचा कायदा मोडला, हे कारण. मिठाचा कायदा १९३०चा. पुढचं मागच्याचं कारण होत नाही. संपलं.

नियम चुकीचा नाही. आजही मी तो चुकीचा म्हणणार नाही. पण सन कशाचा लिहायचा, हे मी कधी सांगितलं नाही. प्रत्येक घटनेपुढे एकच तारीख, असा तक्ता आमच्या वर्गात लावलेला होता आणि त्याची झेरॉक्स प्रत्येकाकडे होती.

त्या बॅचमध्ये एक ताई होती. फुलंब्रीच्या पुढच्या एका खेड्यातून रोज सकाळच्या एसटीने यायची. लग्न होऊन एक मुलगी झाल्यावर तिने अभ्यास पुन्हा धरला होता. नवरा भाजीपाल्याचा पिकअप चालवायचा, सासू घरी नातीला सांभाळायची. बाकीची मुलं वयाने लहान, म्हणून सगळा वर्गच तिला ताई म्हणायचा आणि मीही म्हणायचो. ती पुढच्या बाकावर बसायची आणि प्रश्न विचारायची. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, "ताई, एसटी चुकंल, आता पुरे." ती वळून म्हणायची, "तुझी नोकरी चुकंल, आधी वही उघड." वर्ग हसायचा.

घरी तिला एकच वर्ष मिळालं होतं. हे तिनेच मला सांगितलं होतं. सासूने मोकळेपणाने सांगितलं होतं की पूर्वपरीक्षा निघाली तर पुढचंही बघू, नाही निघाली तर पोरगी शाळेत घालायची आहे, तू घरी पाहिजेस. यात सासूचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

एकदा विधान-कारणाच्या तासाला तिने विचारलं, "सर, एखादा निर्णय आधी झाला आन् अंमल नंतर झाला, तर तारीख कुठली धरायची?"

मी फळ्याकडे तोंड करून होतो. म्हणालो, "ताई, तुम्ही परीक्षेला बसताय की पीएचडीला? तक्त्यात आहे ती धरायची."

वर्ग हसला. तीही हसली आणि खाली बघून काहीतरी लिहू लागली. प्रश्न उत्तम होता. मला उत्तर माहीत होतं. पण तास संपत आला होता, आणि त्या उत्तराने माझा सुटसुटीत नियम गढूळ झाला असता.

पूर्वपरीक्षा झाली. त्याच संध्याकाळी वर्गात सगळे प्रश्नपत्रिका घेऊन बसले. ताईचा पेपर चांगला गेला होता. इतिहासात तिचा एकच प्रश्न इतरांपेक्षा वेगळा आला. विधान होतं, ऑगस्ट १९०५ मध्ये कलकत्त्याच्या सभेत परदेशी मालावर बहिष्काराचा ठराव मंजूर झाला. कारण होतं, बंगालच्या फाळणीला बंगालमध्ये तीव्र विरोध होता.

मागच्या बाकावरच्या आमच्या विनोदी मुलाने पहिला पर्याय निवडला होता. "मला तारीख आठवलीच नाय," तो म्हणाला, "फाळणी म्हटल्यावर बहिष्कार, एवढंच शाळेत वाचलं व्हतं."

ताईने दुसरा निवडला होता. तिने तारीख बरोबर आठवली होती. बंगालची फाळणी, सोळा ऑक्टोबर १९०५. आमच्या तक्त्यात तीच होती. ठराव ऑगस्टचा. ऑक्टोबरमधल्या गोष्टीमुळे ऑगस्टमध्ये ठराव कसा होईल? पहिला पर्याय काटला. पुढे वाचलंसुद्धा नाही. अगदी मी सांगितलं होतं तसं.

"बरोबर ना सर?" तिने विचारलं.

फाळणीचा निर्णय जुलैमध्ये जाहीर झाला होता. ऑगस्टचा ठराव त्या जाहीर झालेल्या निर्णयाविरुद्धच होता. ऑक्टोबरात फक्त अंमल झाला. कारण आधीचं होतं, तक्त्यातली तारीख नंतरची होती. हे मला त्याच क्षणी दिसलं. मी म्हणालो, "बघू, उत्तरतालिका येऊ दे."

तालिका आली. बरोबर उत्तर पहिला पर्याय. एव्हाना सगळ्या क्लासवाल्यांनी आपापले अपेक्षित कटऑफ काढले होते, आणि आमच्या हिशेबाने ताई एका प्रश्नाने खाली येत होती. हा एक प्रश्न फिरला तर ती आत, नाहीतर बाहेर. तिला ते माझ्याआधी कळलं होतं.

लोकसेवा आयोगाच्या पहिल्या तालिकेवर हरकत घेता येते. पुराव्यासाठी मान्य पुस्तकाचं पान जोडायचं, ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन पाठवायचं. ताई तिसऱ्या दिवशी सकाळी क्लासच्या ऑफिसात आली. आमचे संचालकही तिथंच होते. क्लास त्यांचा, मी त्यांच्याकडे शिकवतो.

"सर, हरकत टाकायची," ती म्हणाली. "तुमचा नियम आहे, तारीख आहे. पुस्तकातलं पान तेवढं द्या. मला कुठलं पुस्तक आयोग मान्य करतो ते नाय माहीत."

संचालक म्हणाले, "टाका की. सरांचाच विषय आहे. आणि एक सांगतो, आपल्या क्लासमधून हरकत जाऊन उत्तर फिरलं तर पुढच्या बॅचला बोर्डावर लिहिता येईल." मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "आणि नियमच चुकला असं बाहेर गेलं, तर तेही लोक लिहितील."

मला कुणी धमकी दिली नव्हती. संचालक असं रोजच बोलतात. मी त्यांच्यावर काही ढकलत नाही. मी त्याच वेळी म्हणू शकत होतो, ताई, तालिका बरोबर आहे, चूक माझी आहे, हा प्रश्न सोडा, दुय्यम पदांची संयुक्त परीक्षा पुढे आहे, तिच्या तयारीला लागा. तीन-चार वाक्यं होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून ती निघेनात. तिला वाईट वाटेल म्हणून नाही. त्यातलं मधलं वाक्य माझ्याबद्दल होतं म्हणून.

कपाटातून पुस्तक काढलं. एका पानाच्या तळाशी जुलैत निर्णय जाहीर झाल्याचं, त्यावर सभा सुरू झाल्याचं आणि ऑगस्टच्या ठरावाचं होतं. पान उलटलं की सोळा ऑक्टोबरला फाळणी अंमलात आल्याचं, राखीबंधनाचं, उपासाचं. मी फक्त उलटल्यानंतरचं पान स्कॅन केलं. हरकतीचा मजकूरही मीच लिहिला. 'फाळणी सोळा ऑक्टोबर १९०५ रोजी झाल्याने त्याआधीच्या ठरावाचे ते कारण ठरू शकत नाही.' वाचायला ठाम वाटतं. मी असे मजकूर चांगले लिहितो.

ताईने मोबाईलवर हरकत पाठवली आणि म्हणाली, "सर, किती चान्स वाटतो?"

"पुरावा चांगला आहे," मी म्हणालो.

"म्हणजे मुख्य परीक्षेचं सुरू करू का? का संयुक्तचं धरू? दोन्ही व्हणार नाय माझ्याच्यानं. घरचं आवरून दिवसाला जेवढं मिळतं तेवढंच मिळतं."

तिला हा प्रश्न विचारायचा अधिकार होता आणि मला उत्तर द्यायचं बंधन होतं. संयुक्त पूर्वपरीक्षा जवळ आली होती. तिथंही नोकरी होती, आणि घरच्यांना पूर्व निघाली एवढंच दिसलं असतं. पण हरकतीवर विश्वास आहे असं आताच बोललो होतो. संयुक्तचं धर म्हणालो असतो, तर तो विश्वास खोटा होता हे तिने ओळखलं असतं. ती हुशार होती.

"मुख्यचं सुरू करा," मी म्हणालो. "लेखी आहे, सराव लागतो. आताच हात बसू द्या."

संचालकांनी मान डोलावली. ती एसटीला पळाली.

पुढचे दोन महिने ती आठवड्यातून एकदा यायची आणि मी दिलेल्या विषयांवर लिहिलेली उत्तरं तपासून घ्यायची. अक्षर चांगलं होतं, मांडणी सुधारत होती. मी लाल पेनाने खुणा करायचो, समासात शेरे लिहायचो. चांगला शिक्षक वाटावं इतकी मेहनत मी त्या दोन महिन्यांत तिच्यावर घेतली. ती मेहनत कशाची भरपाई होती ते मला कळत होतं, आणि ती भरपाई नाही हेही कळत होतं. संयुक्तची परीक्षा मध्येच झाली. ती बसली, पण तयारीशिवाय. बाहेर आल्यावर फोनवर म्हणाली, "चालू घडामोडी तर वाचल्याच नव्हत्या सर. जाऊ द्या, आपलं मुख्य हाय."

बायकोला मी एकदा जेवताना हे सगळं सांगितलं. ती शाळेत शिक्षिका आहे. ती म्हणाली, "मग अजून सांगत का नाही? अजून वेळ आहे की."

"आता सांगून काय होणार? संयुक्त तर गेली."

"तिला कळेल तरी. तुम्ही सगळ्यांना पर्याय काटायला शिकवता आणि स्वतः एकच पर्याय चार वेळा निवडताय."

मी भाजी मागितली. तिने वाढली आणि विषय सोडला.

अंतिम तालिका आली. त्या प्रश्नाचं उत्तर तसंच होतं. मग निकाल आला, आणि ताई खाली राहिली. आमच्या अंदाजापेक्षा कटऑफ किंचित वर गेला होता, पण हा एक प्रश्न बरोबर असता तर ती तरीही आत आली असती. हे मी दोनदा हिशेब करून पाहिलं. दोन्ही वेळा तेच निघालं.

निकालानंतर दोन दिवसांनी ती आली. दुपारची वेळ होती, वर्ग रिकामा होता. क्लासच्या लायब्ररीची दोन पुस्तकं तिच्याकडे होती, ती परत करायला आली होती. मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

मी सुरुवात केली, "ताई, हरकतीचं असं असतं की आयोग कधी कधी..."

"सर, मला माहीत व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"जुलैचं. तुम्ही स्वदेशी चळवळीवर उत्तर लिहायला दिलं व्हतं ना, तेव्हा मी तेच पुस्तक काढलं. लायब्ररीतलं. आपण जोडलेल्या पानाच्या आधीचंच पान. निर्णय जुलैचा, ठराव ऑगस्टचा. सगळं तिथंच व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी म्हटलं, सरांना ठाऊक असणार. सर पान उलटून बघितल्याशिवाय स्कॅन करणार नाय. म्हणजे तुमच्या मनात काहीतरी दुसरं असंल. काही वेगळा मुद्दा. आयोगाला पटंल असा." तिने हातातली पुस्तकं टेबलावर ठेवली. "मग वाटलं, तुम्ही सांगाल. आज नाय तर उद्या. मी दर आठवड्याला येत व्हते."

खालच्या दुकानात कुणीतरी चपलेच्या मापावरून भांडत होतं, ते ऐकू येत होतं.

"मी एकदा वर्गात विचारलं व्हतं," ती म्हणाली. "निर्णय आन् अंमल. तुम्ही पीएचडी म्हणाला." ती हसली. त्या दिवशी वर्गात हसली होती तशीच. "तसं बरोबरच व्हतं म्हणा. पेपरात मी पण तक्त्यातलीच धरली. माझा कोणी हात धरला नव्हता."

हे तिने मला सोडवण्यासाठी म्हटलं की स्वतःला समजावण्यासाठी, ते मला अजून कळलेलं नाही. मी म्हणालो, "ताई, पुढच्या वर्षी फी नका देऊ. मी संचालकांशी बोलतो. घरी मी स्वतः येऊन सांगतो."

"काय सांगाल?"

एवढंच विचारलं तिने. मी सासूबाईंना काय सांगणार होतो, याचा विचार केला. तुमची सून हुशार आहे. ती यावेळी अगदी थोडक्यात हुकली. नशीब. हे सगळं मी सांगू शकलो असतो. खरं कारण त्यात कुठंच नव्हतं, आणि तिला ते माझ्या गप्प बसण्यावरून कळलं.

"राहू द्या सर," ती म्हणाली. "पोरीची शाळा सुरू झाली. येते मी."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विधान-कारणाचा तास पुन्हा घेतला. निर्णयाची तारीख, अंमलाची तारीख, मागे घेतल्याची तारीख, तिन्ही वेगळ्या असतात आणि विधान कुठल्या तारखेबद्दल बोलतंय ते आधी बघा, असं फळ्यावर लिहून दिलं. बंगालच्या फाळणीचंच उदाहरण दिलं. सन हा काटण्यासाठी चांगला, पण काटण्याआधी एकदा गोष्ट आठवा, लोक कशामुळे चिडले होते ते आठवा, असंही सांगितलं. मुलांनी लिहून घेतलं. चूक आधी कुणाकडून झाली होती, हे मी सांगितलं नाही. 'काही विद्यार्थी इथं चुकतात' असं म्हणालो. ते वाक्य तोंडातून गेल्यावर मी खडू खाली ठेवला आणि पाणी प्यायलो.

त्यानंतर बरेच दिवस मनात होतं की फोन करावा. पावसाळ्यानंतर एकदा केला. फोन तिच्या नवऱ्याने उचलला. मागे गाडीचा आवाज होता, भाजीच्या क्रेट उतरवत असावा. मी ओळख दिली.

"हा सर, बोला की," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, उलट आदर होता. "फोन तिचाच हाय, आज माझ्याकडं ऱ्हायला. ती आता परीक्षेचं नाव काढत नाय. म्या म्हटलं व्हतं, अजून एक डाव बस, मायला मी समजावतो. नाय म्हणली. म्हणली, माझ्यातच कमी व्हती." मग त्याने विचारलं, "तुमचं काय काम व्हतं सर? काही निरोप?"

कमी तिच्यात नव्हती, हे सांगायला मी फोन केला होता. ते सांगायचं तर त्याच्यामागचं सगळं सांगावं लागलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "सहज केला होता."